जो यादीवरी विसंबला...

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य संशोधन नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एकच वाद घोळतो आहे: यादी परत आणा की नको? एक बाजू म्हणते, यादी गेली आणि बनावट नियतकालिकांना रान मोकळं झालं. दुसरी म्हणते, बरं झालं, आता विद्यापीठं स्वतः ठरवतील. दोन्ही बाजू हे धरून चालतात की नव्या संशोधकाला फसवणुकीपासून वाचवणारी वस्तू म्हणजे कोणीतरी वरून दिलेली यादी. माझं म्हणणं असं की यादीने कोणाला वाचवलं नाही, आणि नवी आली तरी ती वाचवणार नाही. पेपर पाठवण्याआधी संशोधकाने आणि त्याच्या मार्गदर्शकाने तासभर बसून केलेली तपासणी वाचवते. ही तपासणी यवतमाळ, बुलडाणा, गडचिरोलीच्या तालुक्याच्या गावातही एका मोबाइलवर करता येते. तिची सुरुवात मात्र नियतकालिकाच्या नावाने आलेल्या निमंत्रणाच्या मेलच्या बाहेरून व्हावी लागते.

मागचा इतिहास पाहा. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची पदोन्नती गुणांना बांधली आणि छापलेल्या पेपरला भाव आला. संशोधकांच्या पैशावर जगणारी, पण तपासणीच्या नावाने शून्य असलेली नियतकालिकं त्याच दशकात जगभर फोफावली. त्यांनी २०१४ या एका वर्षात सुमारे ४ लाख २० हजार लेख छापले आणि त्यांच्या लेखकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भारतातले होते, असा शेन आणि ब्यॉर्क या अभ्यासकांचा अंदाज आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. त्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावं होती. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा हजारभर नावांची छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असल्याचं दिसलं. त्याच वर्षी ४,३०५ नावं एका फटक्यात काढावी लागली. म्हणजे ज्यांनी त्या काळात 'मान्य' म्हणून पेपर पाठवले, त्यांच्यापैकी कितीजणांचे पेपर रातोरात अमान्य झाले असतील? पुढे २०१९ मध्ये केअर यादी आली. ती आधीच्यापेक्षा काटेकोर होती, यात शंका नाही. मग बनावट धंद्याने काय केलं? यादीत शिरणं अवघड झाल्यावर त्याने यादीतल्या नियतकालिकांचे तोतये उभे केले. नाव तेच, नियतकालिकाची ओळख सांगणारा आयएसएसएन क्रमांक तोच, वेबसाइट मात्र भलत्याची. शेवटी केअरच्या संकेतस्थळावरच अशा तोतयांबद्दल सावधानतेच्या सूचना द्याव्या लागल्या.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. नामांकित कंपनीच्या पिशवीत बोगस बियाणं भरून विकतात तेव्हा पिशवीवरचं नाव खरंच असतं. म्हणून जाणता शेतकरी नुसतं नाव वाचत नाही. तो पक्की पावती घेतो, लॉट नंबर पावतीवर लिहून घेतो आणि पिशवी जपून ठेवतो.

यादीच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. आर्णी, मेहकर किंवा आरमोरीच्या महाविद्यालयातून पीएचडी करणाऱ्या मुलीला मार्गदर्शक महिन्यातून एकदा भेटतो. घरात ती पहिलीच पदवीधर असते. ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं येत नाहीत आणि चांगला पेपर कसा दिसतो हेच तिने फारसं पाहिलेलं नसतं. तिला यादी म्हणजे निदान पायाखाली जमीन होती. ती काढून घ्यायची आणि 'तुम्हीच पारखा' म्हणायचं, हा अन्याय नाही का? आहे. आयोगाने यादीऐवजी काही निकष सुचवले आणि जबाबदारी संस्थांवर टाकली, पण ते निकष वापरायला शिकवणार कोण, हे कोणी विचारलं नाही. तरीही यादीमुळे तपासणीची सवयच लागली नाही, हेही तितकंच खरं आहे. 'केअरमध्ये आहे का?' एवढा एक प्रश्न विचारला की काम संपलं, असं एका पिढीला वाटलं. तोतयांना नेमका तोच प्रश्न हवा होता, कारण त्याचं उत्तर 'हो' असंच येत होतं.

एक नमुना घेऊन पाहू. समजा, प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावून तीन खरीप हंगाम गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची मोजणी केली आहे. त्याला मेल येतो. सुरुवात 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' आणि 'आदरणीय प्राध्यापक' अशी, पण त्याचं नाव कुठेच नाही. नियतकालिक युरोपातलं, तीसेक वर्षं जुनं, 'स्कोपस आणि केअर मान्य', लेखांचा इतरांनी किती संदर्भ घेतला हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला. पेपर ४८ तासांत स्वीकारणार, अंक याच महिन्याच्या ३० तारखेला निघणार, शुल्क ३,५०० रुपये, प्रत्येक लेखकाला स्वतंत्र प्रमाणपत्र. खाली वेबसाइटची लिंक आणि व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक.

इथे बहुतेकजण लिंक उघडतात आणि तिथेच फसतात, कारण पुढे जे काही दिसतं ते सगळं फसवणाऱ्याने मांडलेलं असतं. त्या पानावरचं 'स्कोपस' या आंतरराष्ट्रीय संशोधनसूचीचं चिन्ह हे निव्वळ चित्र आहे, कोणीही चिकटवू शकतं. म्हणून लिंक उघडायची नाही. मेलमधला आठ अंकी आयएसएसएन उचलायचा आणि portal.issn.org वर टाकायचा. तिथे नियतकालिकाचं नोंदलेलं नाव, देश, छापील की ऑनलाइन, हे फुकट दिसतं. नियतकालिक फक्त छापील म्हणून नोंदलेलं असेल आणि मेल ऑनलाइन अंकाचा असेल, तर पाणी मुरतंय हे तिथेच कळावं. ऑस्ट्रियातल्या 'वुल्फेनिया' या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाच्या आणि जिनिव्हाच्या 'आर्काइव्ह्ज दे सियाँस'च्या नावाने असेच तोतये उभे राहिले होते. 'नेचर'ने २०१३ मध्ये ते उघडकीला आणलं, तोवर जगभरच्या अनेकांनी पैसे भरून झाले होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आयएसएसएन असणं म्हणजे दर्जाची मोहोर नव्हे. तो नोंदणी क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटइतकाच अर्थ असलेला, आणि कोणत्याही नियतकालिकाला मागितला की मिळतो. डीओआय या लेखाच्या ओळख क्रमांकाचंही तसंच. पेपरावरचा डीओआय doi.org वर टाकून पाहावा. 'सापडला नाही' असं आलं तर तो कल्पित आहे. सापडला तर एवढंच सिद्ध होतं की प्रकाशकाने नोंदणीचे पैसे भरले आहेत.

दुसरी पायरी, मेलमध्ये सांगितलेली मान्यता जिथे मिळते तिथे जाऊन पाहणं. स्कोपसचा दावा असेल तर scopus.com/sources वर, वेब ऑफ सायन्सचा असेल तर mjl.clarivate.com वर, मुक्त प्रवेशाचा असेल तर doaj.org वर. शोध नावाने करू नये, आयएसएसएनने करावा, कारण एका शब्दाच्या फरकाने सारखी वाटणारी नावं मुद्दाम ठेवलेली असतात. नियतकालिक सापडलं तरी समावेश कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहावं. कित्येक नियतकालिकं स्कोपसने मध्येच बंद केलेली असतात आणि जुनी मान्यता मात्र मिरवत राहतात. इम्पॅक्ट फॅक्टर हा क्लॅरिव्हेटच्या 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स'मधला आकडा आहे. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' असं काहीतरी पुढे लावून आलेल्या आकड्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. असे आकडे विकणाऱ्या संस्था वेगळ्याच आहेत.

या दोन पायऱ्या पुरेशा आहेत का? नाहीत, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. तोतयांचा शोध घेणाऱ्या अ‍ॅना अबाल्किना यांना खुद्द स्कोपसमध्ये शिरलेली ६७ अपहृत, म्हणजे तोतयांनी नाव पळवलेली, नियतकालिकं सापडली. म्हणून तिसरी पायरी टाळता येत नाही: अंक उघडून वाचणं. नमुन्यातल्या विद्यार्थ्याने मागचे दोन अंक उघडावेत आणि अनुक्रमणिका पाहावी. कीटकशास्त्राच्या नियतकालिकात बँकांचं विलीनीकरण, संत साहित्य आणि सिमेंटची ताकद एकाच अंकात कशी? पूर्वी अंकात दहा लेख असायचे आणि गेल्या वर्षापासून दीडशे कसे? मग आपल्या विषयाचा एक लेख नीट वाचावा. तो कधी मिळाला, कधी स्वीकारला, या तारखा पहिल्या पानावर असतात. दोन्हींत तीन दिवसांचं अंतर असेल तर तो कोणी वाचला असेल? संपादक मंडळातल्या एकाचं नाव घेऊन त्याच्या विद्यापीठाच्या पानावर जावं आणि तिथल्या ईमेलवर एक ओळ लिहावी की आपण या मंडळात आहात का. संमतीशिवाय नावं छापल्याचं अनेक शास्त्रज्ञांना अशाच पत्रांतून कळतं. शेवटी वेबसाइटच्या डोमेनची नोंदणी कधीची आहे ते 'हू-इज' शोधावर पाहावं. १९९४ पासून निघणाऱ्या नियतकालिकाची वेबसाइट आठ महिन्यांपूर्वी नोंदली गेली असेल, तर मागचे अंक कुठून आले, याचा विचार करावा. मागे घेतलेल्या पेपरांचा माग ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाची अपहृत नियतकालिकांची यादीही चाळावी, पण तीत नाव नाही म्हणून नियतकालिक खरं ठरत नाही.

परीक्षण झालं की नाही, याची सर्वांत खात्रीची खूण शेरे आल्यावर दिसते. खरा परीक्षक बोंडअळीच्या या पेपरला विचारेल: एकरी सापळे किती लावले, ल्यूर किती दिवसांनी बदलला, तीनही हंगामांत शेत तेच होतं का, फवारणीच्या दिवसांचं काय केलंत? हे प्रश्न त्रासदायक असतात आणि त्यांनीच पेपर सुधारतो. बनावट परीक्षण मात्र कोणत्याही पेपरला चिकटवता येतं: 'विषय चांगला, भाषा सुधारावी, स्वीकृत.' 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक खोटा पेपर ३०४ मुक्त प्रवेश नियतकालिकांना पाठवला. त्यांतल्या १५७ जणांनी तो स्वीकारला.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण म्हणतो, 'मला सगळं कळतं हो, पण मुलाखतीच्या छाननीत पेपरमागे दोन गुण आहेत. चांगलं नियतकालिक वर्षभर लावतं. तोवर जागा निघून जाते.' आयोगाच्या २०१८ च्या नियमांत पेपरमागे दोन गुण आहेत आणि वर्षाचं मानधन जेमतेम नऊ-दहा महिने मिळणाऱ्या माणसाला नैतिकतेचे धडे देणं मला पटत नाही. दोष आधी ज्यांनी संख्या मोजली त्यांचा आहे. पण हिशेबच करायचा तर पुरता करावा. २०१८ मध्ये ज्यांची नियतकालिकं यादीतून उडाली, त्यांचे ते गुण पुढच्या मुलाखतीत वादात सापडले. आज मुलाखत मंडळावरचा कोणीही दोन मिनिटांत आयएसएसएन तपासू शकतो. आणि सगळ्यांत मोठं नुकसान गुणांचं नसतं. तीन हंगामांची मोजणी एकदा बनावट ठिकाणी छापली गेली की खरं नियतकालिक तोच मजकूर घेत नाही, कारण तो आधी प्रसिद्ध झालेला असतो. ते हंगाम परत येत नाहीत. शिवाय पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे, ते परिपत्रक पाहून ठरवावं, ऐकीव माहितीवर धावू नये. पैसे नसल्याची अडचणही वाटते तेवढी आडवी येत नाही. शुल्क घेतलं म्हणून नियतकालिक बनावट ठरत नाही, तसं चांगल्या नियतकालिकाला पैसे द्यावेच लागतात असंही नाही. डीओएजेवर शुल्क न घेणारी नियतकालिकं वेगळी काढून पाहता येतात.

परिषदांचं जाळं याच्या शेजारीच विणलेलं आहे. परदेशी निमंत्रण आलं की घरी आनंद होतो, गावात फ्लेक्स लागतो, म्हणून इथे सावध करणारा माणूस वाईट ठरतो. तरी तपासावंच. एकाच संस्थेच्या, एकाच हॉटेलात, त्याच दोन दिवसांत कर्करोगापासून पुलांच्या बांधकामापर्यंत डझनावारी 'आंतरराष्ट्रीय परिषदा' असतील, तर तिथे श्रोते कोण असणार? न्यूझीलंडच्या ख्रिस्तोफ बार्टनेक यांनी २०१६ मध्ये फोनच्या आपोआप शब्द सुचवणाऱ्या सोयीने जुळवलेला निरर्थक सारांश अणुभौतिकीच्या एका परिषदेला पाठवला. तो तीन तासांत स्वीकारला गेला आणि नोंदणीचे पैसे भरा असं पत्र आलं. ती परिषद हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीशी संबंधित होती. त्याच ओमिक्सवर अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. आरोपांत खोटं परीक्षण, संमतीशिवाय वापरलेली शास्त्रज्ञांची नावं आणि पेपर परत घेऊ न देणं हे सगळं होतं. म्हणून निमंत्रण आलं की बीजभाषण करणाऱ्या दोघांच्या स्वतःच्या पानांवर त्या परिषदेचा उल्लेख शोधावा, हॉटेलला फोन करून त्या तारखेचं आरक्षण विचारावं, आणि सारांशावर एकही प्रश्न न विचारता पैसे मागितले तर तिथेच थांबावं.

पण आपल्याकडचा मोठा प्रश्न परदेशी नाही. तो आहे 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद', हजार-दीड हजार रुपये शुल्क आणि परिषदेच्या दिवशीच हातात पडणारा जाडजूड विशेषांक. तालुक्याच्या महाविद्यालयांनी परिषदा घेऊ नयेत, असं मी म्हणणार नाही. कोणी नागपूर-अमरावतीहून येऊन मुलांसमोर बोलतं, याची किंमत मोठी आहे. तिथे जरूर जावं, पेपर वाचावा, प्रश्न झेलावेत. फक्त पूर्ण पेपर विशेषांकाला देऊ नये. अंक परिषदेच्या आधीच छापून तयार आहे, म्हणजे पेपर कोणी ऐकला नाही, चर्चेने तो बदलला नाही. दोनशे पेपर एका दिवसात वाचले गेल्याचं प्रमाणपत्र मिळत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं आली असतील? आयोजकांना सरळ सांगावं की फक्त सारांश छापा. बहुतेक वेळा ते मान्य करतात.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आक्षेप. 'स्कोपसमध्ये नाही म्हणजे बोगस' ही मोजपट्टी मराठीवर अन्याय करते. बनावट प्रकाशकांची पहिली मोठी यादी करणारे अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांच्यावरही गरीब देशांतल्या प्रकाशकांकडे ते संशयाने पाहतात, अशी टीका झाली, आणि २०१७ च्या जानेवारीत त्यांनी ती यादी काढून घेतली. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' किंवा वाईचं 'नवभारत' स्कोपसमध्ये शोधून काय उपयोग? साधी वेबसाइट, छोटं संपादक मंडळ, उशिरा निघणारा अंक ही गरिबीची लक्षणं आहेत, लबाडीची नाहीत. अशा ठिकाणी तपासणी उलट सोपी असते. संपादक हयात आणि ओळखीचा असतो, पत्ता खरा असतो, मागचे अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेले सापडतात आणि लेख नाकारल्याची उदाहरणं विभागात कोणाला तरी माहीत असतात. लेख नाकारला जाऊ शकतो का, हा प्रश्न मराठी त्रैमासिकालाही लागू पडतो आणि इंग्रजी नियतकालिकालाही.

पेपर चुकून गेलाच असेल, तर पैसे भरण्याआधी आणि कॉपीराइटच्या कागदावर सही करण्याआधी हालचाल करावी. 'पेपर मागे घेत आहे, छापायला माझी संमती नाही, हक्क हस्तांतरित केलेले नाहीत' असं तारखेसह ईमेलने कळवावं, मार्गदर्शकालाही प्रत पाठवावी. पुष्कळदा उत्तरात 'मागे घेण्याचं शुल्क' मागतात किंवा धमकीची भाषा येते. ते शुल्क भरू नये, फोनवर वाद घालू नये, सगळं लेखी ठेवावं. तरी त्यांनी छापलंच, तर पुढच्या चांगल्या नियतकालिकाच्या संपादकाला पाठवतानाच हा पत्रव्यवहार जोडून सगळं सांगावं. तो पेपर घेईल याची खात्री नाही. पण लपवलं आणि नंतर सापडलं, तर मात्र नाकारणं नक्की आहे.

म्हणून यादी परत मागणाऱ्यांनी आपली ताकद एका छोट्या मागणीवर लावावी. विद्यार्थ्याची सहामाही प्रगती पाहणाऱ्या सल्लागार समितीपुढे, पेपर पाठवण्याआधी, एक पान ठेवलं जावं: आयएसएसएन पोर्टलवर काय दिसलं, मान्यतेचा दावा कुठे तपासला, मागच्या दोन अंकांत किती आणि कोणत्या विषयांचे लेख होते, संपादकाला लिहिलेल्या पत्राचं उत्तर काय आलं. पान विद्यार्थ्याने भरावं, ग्रंथपालाने तपासावं, मार्गदर्शकाने तारीख घालून सही करावी. ग्रामीण महाविद्यालयांत या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस ग्रंथपालच असतो, आणि आजवर त्याला या कामात कोणी विचारलेलं नाही. यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. संशोधन केंद्राच्या पुढच्या बैठकीत ठराव करता येतो.